मुलासाठी फुटबॉल किंवा बास्केटबॉल घेताय? आधी टेप काढा, मग पाकीट

दुकानात गेलं की आपण काय म्हणतो, "पोरासाठी बॉल दाखवा हो", आणि दुकानदार पाच नंबरचा फुटबॉल काढून समोर ठेवतो, कारण बहुतेक दुकानात सगळ्यात जास्त माल पाच नंबरचाच असतो. पोरगं सात वर्षाचं असो नाहीतर पंधराचं, बॉल तोच. आपणही घेतो, कारण गोल आहे, चकचकीत आहे, आणि पोरगं तिथेच नाचायला लागलेलं असतं. बास्केटबॉलचंही तसंच होतं, फक्त तिथे पाच नंबर हा लहान मुलांचा बॉल असतो आणि मोठ्यांचा सात नंबर. सगळा गोंधळ सुरू होतो तो इथूनच.

तर पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, बॉलवर छापलेला नंबर म्हणजे मोजमाप नाहीये, तो फक्त त्या त्या खेळातला क्रमांक आहे. फुटबॉलचा पाच म्हणजे घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, आणि हा मोठ्या माणसांचा, मॅचमधला बॉल. बास्केटबॉलचा पाच म्हणजे घेर साधारण ६८.५ ते ७० सेंटीमीटर, आणि हा बारा वर्षांखालच्या मुलांचा मिनी बास्केटबॉल. दोन्ही शेजारी ठेवले तर आकाराने जवळजवळ सारखे दिसतील, पण एक मोठ्यांसाठी आणि एक छोट्यांसाठी. म्हणून "आमचा मोठा पाच नंबरने फुटबॉल खेळतो, मग धाकटीला बास्केटबॉलचा चार घेऊया" असला हिशोब चालत नाही. नंबर सोडा, घेर धरा.

घेर म्हणजे काय, तर बॉलच्या पोटावरून, जिथे तो सगळ्यात फुगीर आहे तिथून टेप पूर्ण फिरवल्यावर येणारा आकडा. शाळेत त्याला परिघ म्हणायचो. ऑनलाइन लिस्टिंगमध्ये कधी घेर देतात, कधी व्यास, कधी इंच, कधी सेंटीमीटर, आणि कधी कधी तर व्यासाच्या जागी घेराचा आकडा टाकून ठेवलेला असतो. "व्यास ७० सेंटीमीटर" असं दिसलं तर समजून जा की तो घेर आहे, कारण ७० सेंटीमीटर व्यासाचा बॉल दारातून आत यायलाही अवघड. व्यास दिला असेल तर ३.१४ ने गुणा, घेर मिळतो, म्हणजे २२ सेंटीमीटर व्यास असेल तर घेर ६९ च्या आसपास. इंच दिले असतील तर २.५४ ने गुणा. बास्केटबॉलवर बऱ्याचदा २९.५, २८.५, २७.५ असे आकडे छापलेले असतात, ते इंचातला घेरच असतात, म्हणजे अनुक्रमे सात, सहा आणि पाच नंबर.

आता मोजायचं कसं. शिलाईच्या डब्यातली कापडी टेप घ्या, नसेल तर सुतळी किंवा बुटाची नाडी घेऊन फिरवा आणि नंतर पट्टीवर मोजा, फक्त ताणणारं इलॅस्टिक घेऊ नका. बॉलमध्ये हवा पूर्ण भरलेली पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच लोक विसरतात. व्हॉल्व्हच्या बाजूला बारीक अक्षरात प्रेशर छापलेलं असतं, पीएसआयमध्ये किंवा बारमध्ये, तेवढी हवा भरा. बास्केटबॉलला साधारण ७ ते ९ पीएसआय असतं. मोठ्यांच्या फुटबॉलच्या मॅचसाठी नियमात ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर आहे, म्हणजे ८.५ ते १५.६ पीएसआय, पण मुलांच्या बॉलला त्याच्या खालच्या टोकाच्या जवळपास किंवा बॉलवर छापलंय तेवढंच ठेवा, टणक केलेला बॉल लहान पायाला लागतो. पंपाची पिन आधी थोडी ओली करून घाला, कोरडी घुसवली तर व्हॉल्व्ह फाटतो, आणि मग बॉल रोज संध्याकाळी बसतो. प्रेशर गेज नसेल तर सायकलच्या दुकानात जा, तिथे असतो.

हवा भरून झाली की टेप बॉलच्या मधोमध फिरवा, घट्ट नाही आणि सैलही नाही, टेप पृष्ठभागाला चिकटून राहिली पाहिजे पण बॉल दाबला जाता कामा नये. एकदा आडवं मोजा, मग बॉल फिरवून उभं मोजा, मग तिरकं. तिन्ही वेळा अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे चालतं. पण एका बाजूने ६८ आणि दुसऱ्या बाजूने ७० येत असेल तर बॉल गोल राहिलेला नाही, अंड्यासारखा झालाय, तो सरळ घरंगळणार नाही. टेप जरा मधून सरकली तर आकडा कमी येतो, म्हणून सगळ्यात मोठा आकडा धरायचा.

दुकानात टेप नसेल तर अजून एक युक्ती आहे. बॉल भिंतीला टेकवून ठेवा, समोरून एक पुस्तक किंवा बॉक्स उभा धरून बॉलला टेकवा, आणि भिंत ते पुस्तक हे अंतर मोजा. तो व्यास. ३.१४ ने गुणलं की घेर. फक्त पुस्तक सरळ उभं पाहिजे, तिरकं झालं तर चार-पाच मिलीमीटर चुकतं आणि गुणल्यावर तेच दीड सेंटीमीटर होतं, म्हणजे जवळपास अर्धा नंबर. जमलं तर टेपच वापरा.

आता आकडा आला, त्यावरून नंबर ओळखायचा. फुटबॉलमध्ये घेर ५८ ते ६१ सेंटीमीटर असला तर तीन नंबर, ६३.५ ते ६६ असला तर चार, ६८ ते ७० असला तर पाच. वजन म्हणाल तर तीन नंबर साधारण ३०० ते ३२० ग्रॅम, चार नंबर ३५० ते ३९०, पाच नंबर ४१० ते ४५०. याच्याखालचे एक नंबर, दोन नंबर वगैरे बॉलही मिळतात, ते अगदी लहानग्यांना किंवा मोठ्यांना कंट्रोलची प्रॅक्टिस करायला, त्याच्यावर इथे वेळ घालवत नाही.

बास्केटबॉलमध्ये ६८.५ ते ७० असला तर पाच नंबर, वजन ४६५ ते ४९५ ग्रॅम. ७१.५ ते ७३ असला तर सहा, ५१० ते ५५० ग्रॅम. ७५ ते ७७ असला तर सात, ५८० ते ६२० ग्रॅम. हे आकडे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे फिबाच्या, नियमाप्रमाणे आहेत, साधे रबरी बॉल यात थोडे इकडेतिकडे होतात. पाचपेक्षा लहान बास्केटबॉलही येतात, तीन नंबर २२ इंच म्हणजे जवळपास ५६ सेंटीमीटर, चार-पाच वर्षांच्या पोरांसाठी.

लक्षात आलं का, नंबरांच्या मध्ये जागा आहे. साध्या फुटबॉलमध्ये ६१ ते ६३.५ च्या मध्ये काहीच नाही, बास्केटबॉलमध्ये ७३ ते ७५ च्या मध्ये काहीच नाही. तुमचा आकडा बरोबर त्या फटीत आला तर समजा काहीतरी गडबड आहे. एकतर हवा कमी आहे, नाहीतर बॉल वापरून सैल झालाय, नाहीतर तो फुटसालचा आहे, त्याचं पुढे सांगते. रबरी आणि स्वस्त बॉल उन्हात, जास्त हवेत फुगत जातात, सहा नंबर फुगून ७४ चा होतो आणि आपण म्हणतो हा कुठला सात नंबर एवढा लहान कसा. आधी हवा तपासा, परत मोजा, मग वजन करा. वजन खोटं बोलत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आहे ना, त्याच्यावर एक वाटी ठेवा, टेअरचं बटण दाबून काटा शून्यावर आणा, वर बॉल ठेवा.

वजन करण्याचं अजून एक कारण आहे, आणि टर्फवर खेळणाऱ्या पोरांच्या आईबाबांनी हे नीट वाचा. फुटसाल म्हणजे छोट्या कडक मैदानावर पाच-पाच जणांनी खेळायचा फुटबॉल. त्याचा बॉल चार नंबरचा असतो, घेर ६२ ते ६४ सेंटीमीटर, म्हणजे टेपवर तो साध्या चार नंबरच्या जवळ येतो. पण त्याचं वजन ४०० ते ४४० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ मोठ्यांच्या पाच नंबरएवढं. आकार लहान म्हणून नऊ वर्षांच्या पोराला दिला तर पोरगं त्याला जोरात मारूच शकत नाही, पाय दुखतो, आणि आपण म्हणतो याला फुटबॉल जमत नाही. ओळखायचा कसा? साधारण छातीएवढ्या उंचीवरून कडक फरशीवर सोडून बघा. साधा फुटबॉल टप्पा घेऊन बराच वर येतो, फुटसालचा गुडघ्यापर्यंत कसाबसा येतो आणि बसतो. नियमातच तो दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्यात फक्त ५० ते ६५ सेंटीमीटर उडाला पाहिजे असं आहे. म्हणून चार नंबर घेताना टप्पा बघा आणि वजन बघा, नुसता घेर नाही.

आता वयाचं. फुटबॉलमध्ये आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत तीन नंबर, त्यानंतर बारापर्यंत चार, तेरापासून पाच, हा अमेरिकेतल्या युवा फुटबॉलचा हिशोब आहे आणि बरेच कोच तोच धरतात. इंग्लंडमध्ये चौदा वर्षांखालच्या गटापर्यंत चारच वापरतात, पाच त्यानंतर. म्हणजे तेरा-चौदाच्या वयात दोन्ही चालतात, आणि माझं मत विचाराल तर अंगाने बारीक असलेल्या पोराला अजून वर्षभर चारच द्या. आपल्याकडे घाई असते, "पुढच्या वर्षी पण चालेल" म्हणून एक नंबर मोठा घ्यायची. बूट, स्वेटर ठीक आहेत, बॉलला हे करू नका. मोठा बॉल नीट लागत नाही म्हटलं की पोरगं बुटाच्या टोकाने मारायला शिकतं, आणि ती सवय पुढे चार नंबर देऊनही सुटत नाही.

बास्केटबॉलमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना पाच नंबर, नऊ ते अकराला पाच किंवा सहा, आणि बाराच्या पुढे मुलींना सहा, मुलांना सात. मुलींचा सहा हा नेहमीसाठीच आहे, मोठ्या बायकाही आंतरराष्ट्रीय मॅच सहा नंबरनेच खेळतात, त्यामुळे मुलगी सहावर आली की तिला पुढे बदलायचं काही नाही. मुलाला मात्र सहावरून सातवर जावं लागतं, ती वेळ बारा ते चौदा वर्षांच्या मधली, हातावर आणि ताकदीवर अवलंबून. थ्री बाय थ्री नावाचा जो तीन-तीन जणांचा बास्केटबॉल आहे त्यात सहाच्या घेराचा पण सातच्या वजनाचा बॉल असतो, तो लहान मुलांसाठी घेऊ नका, लेबल नीट वाचा.

आकडे वाचून कंटाळला असाल तर एक खरा हिशोब करून दाखवते. आमच्या बिल्डिंगमध्ये एका घरी दोन मुलं, मुलगा साडेसात वर्षांचा आणि मुलगी अकरा वर्षांची. मुलाला फुटबॉलचा क्लास, मुलीला शाळेत बास्केटबॉल. वाढदिवसाला आत्याने दोघांना एकेक बॉल आणला, दोन्हीवर छापलेलं पाच. "दोघांना सारखं, भांडण नको" असा साधा विचार.

मुलाचा फुटबॉल आधी मोजला तर ६७ आला. बघा, ६६ आणि ६८ च्या मधला आकडा, फटीतला. त्यांच्या बाबांनी म्हटलं, "मग हा चार नंबरच असेल, चुकून पाच छापलंय". हाताने दाबला तर मऊ लागला. सायकलच्या दुकानातून हवा भरून आणली, परत मोजला तर ६८.५, तिन्ही बाजूंनी सारखा, आणि काट्यावर ४२५ ग्रॅम. म्हणजे अगदी पक्का पाच नंबर, छापलेलं बरोबर होतं, कमी हवेने फसवलं होतं. मुलाचं वजन २३ किलो. ४२५ ग्रॅम म्हणजे त्याच्या वजनाच्या जवळपास दोन टक्के. त्याच प्रमाणात त्याच्या ६५ किलोच्या बाबांना साधारण बाराशे ग्रॅमचा बॉल मारावा लागला असता. बाबांना ते लगेच पटलं, त्यांनी पाय चोळतच मान डोलावली.

मग तीन की चार? साडेसात म्हणजे सहा महिन्यात आठ. घरच्यांचा कल चारकडे होता. क्लासमधला चार नंबर घेऊन गार्डनमध्ये त्याला मारायला लावला, आणि फक्त दोन गोष्टी बघितल्या. पाय कुठे लागतोय, आणि बॉल उचलला जातोय का. दहा-बारा पावलांवर पास दिला तर त्याने बुटाच्या टोकानेच मारला, आणि बॉल जमिनीवरून उठलाच नाही. तीन नंबरने तोच पास पायाच्या आतल्या बाजूने गेला आणि मधल्या दगडावरून उडी मारून गेला. ५९.५ सेंटीमीटरचा, ३१० ग्रॅमचा तीन नंबर घेतला. सहा महिन्यांसाठी वेगळा खर्च कशाला असं वाटेल, पण त्याच सहा महिन्यात पाय कसा लावायचा हे तो शिकणार आहे.

आता मुलीचा बास्केटबॉल. घेर ६९.५, वजन ४८० ग्रॅम, खरा पाच नंबर. अकरा वर्षांच्या मुलीला पाच चालतो, त्यामुळे इथे चूक काहीच नाही. पण तिच्या शाळेची टीम चौदा वर्षांखालच्या गटात सहा नंबरने खेळते, आणि रिंग मोठ्यांच्या उंचीवर म्हणजे ३.०५ मीटरवर आहे, लहान मुलांसाठीची २.६० मीटरची नाही. इथे प्रश्न असा की घरी पाच आणि शाळेत सहा असं चालेल का. तिला शाळेच्या सहा नंबरने शूट करायला लावलं. नियम साधा ठेवला, बॉल डोक्याजवळ न्यायचा, शूट करणारा हात बॉलच्या खाली, दुसरा हात फक्त बाजूला आधाराला. रिंगपासून दोन पावलांवरून तिला हे जमलं, बॉल रिंगपर्यंत गेला, हात वळवून सुटला. अजून चार पावलं मागे गेल्यावर मात्र ती बॉल कमरेपासून दोन्ही हातांनी फेकायला लागली. ही कमरेवरून फेकण्याची खूण नीट लक्षात ठेवा, बॉल मोठा किंवा अंतर जास्त झालंय हे त्यावरून कळतं. ड्रिबलही बघितलं, सहा नंबर एका हाताने ड्रिबल करत ती बघता बघता घराच्या गेटपर्यंत गेली, हात बॉलवर पसरून बसत होता.

तिच्यासाठी सहा घेतला, ७२ सेंटीमीटर, ५३० ग्रॅम, जवळून शूट करायला आणि ड्रिबलला. आणि आत्याने आणलेला पाच परत केला नाही, लांबून शूट करायची सवय लावायला तो ठेवला, म्हणजे लांबून मारतानाही हाताचा आकार बिघडणार नाही. पाच नंबरचा फुटबॉल मात्र बदलून आणला, त्याच्यासाठी घरात कुणी नव्हतं.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. कोल्हापूर, कोकण, गोवा, इथे पोरं पावसातसुद्धा खेळतात आणि खेळायलाच पाहिजे. पण स्वस्त शिवलेल्या बॉलचे टाके पाणी पितात, आणि बॉल आकाराने तोच राहून वजनाने वाढतो. टेपला ते कळणार नाही. खेळून आल्यावर पुसून काट्यावर ठेवा, चार नंबर ३९० च्या बराच वर गेला असेल तर तो बॉल त्या दिवशी पाचएवढा जड झालाय. टाक्यांऐवजी चिकटवलेल्या, म्हणजे थर्मो बाँडेड, बॉलला हे खूप कमी होतं. पावसात खेळणाऱ्या पोरासाठी पैसे वाढवायचेच असतील तर ब्रँडपेक्षा याच्यात वाढवा. बॉल वाळवायला ऊन किंवा गिझरजवळ ठेवू नका, सावलीत पंख्याखाली ठेवा, गरमीत आतली हवा फुगते, रबर आणि गोंद सैल पडतात आणि मग घेर वाढलेला दिसतो.

बास्केटबॉलला हवा बरोबर आहे का ते टप्प्यावरून कळतं. बॉलचा खालचा भाग १८० सेंटीमीटरवर धरून कडक फरशीवर नुसता सोडायचा, ढकलायचा नाही, तर बॉलचा खालचा भाग साधारण एक मीटरच्या थोडा वर आला पाहिजे. खूप वर उडाला तर हवा जास्त, लहान हाताला बॉल निसटतो. खाली राहिला तर हवा कमी, पोरगं जोर लावून ड्रिबल करतं आणि मान खाली घालून बॉलकडेच बघत राहतं. फरशीवर मोजा, कार्पेटवर किंवा मातीवर नाही.

आणि हे सगळं मोजमाप बॉल घरी आल्या आल्या करा, पोराने अंगणात घेऊन जाण्याआधी, टॅग न काढता. हवा भरा, टेप लावा, काट्यावर ठेवा, टेपसकट आणि काट्यासकट फोटो काढून ठेवा. चार नंबर म्हणून आलेला बॉल ६२ चा आणि ४२० ग्रॅमचा निघाला तर तो फुटसालचा आहे, आणि परत करताना दुकानदाराला किंवा ऑनलाइन कस्टमर केअरला "बॉल लहान वाटतोय" असं सांगितलं तर ते हवा भरा म्हणतील, त्याऐवजी आकडा सांगा आणि फोटो पाठवा.